‘एकोण’ म्हणजे नऊ नव्हे: जर्मन मुलीला मराठी आकडे शिकवताना

प्रश्न: आमच्या शेजारी एक जर्मन कुटुंब दोन वर्षांसाठी पुण्यात राहायला आलंय. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला मी संध्याकाळी मराठी शिकवते. वीसपर्यंत छान लिहिते. पण ‘एकोणतीस’ म्हटलं की ३९ लिहिते आणि ‘एकोणचाळीस’ला ४९. रोज एक ते शंभर म्हणून घेते, तेव्हा एकही चूक नसते. मग लिहिताना काय होतं?

उत्तर:

तिला कुणीतरी ‘एकोण म्हणजे नऊ’ असं सांगितलंय, किंवा तिने स्वतःच तसं ठरवलंय. तुम्ही दिलेल्या दोन्ही चुका नेमक्या दहाने जास्त आहेत. कान किंवा लक्ष कमी पडत असतं तर चुका अशा एका मापाच्या झाल्या नसत्या. जर्मनमध्ये २९ ला ‘नॉइन-उन्ट-त्स्वान्त्सिश’ म्हणतात, म्हणजे नऊ-आणि-वीस. तिने त्या ‘नॉइन-उन्ट’च्या जागी ‘एकोण’ बसवलं आणि पुढे ऐकू आला तो दशक लावला. तिच्या भाषेच्या हिशेबाने ते अगदी बरोबर आहे.

आमच्याकडे ही चूक एका मराठी वर्गाच्या छापील तक्त्यातून आली होती. डाव्या रकान्यात १ ते ९, समोर ‘एक, बा, ते, चौ…’ आणि शेवटी ठळक अक्षरात ‘एकोण = ९’. तक्ता बदला म्हटल्यावर ‘मुलं पाठच करतात हो, अर्थ कशाला हवा?’ हे उत्तर मिळालं. ती एक ओळ पुसायला पहिले दशक शिकवण्यापेक्षा जास्त वेळ गेला. म्हणून बाकी काही करायच्या आधी तुमच्याकडे असा तक्ता असेल तर तो भिंतीवरून काढा.

एकोण म्हणजे एक + ऊन, एकाने कमी. हे सांगून समजत नाही, हातात द्यावं लागतं. आइस्क्रीमच्या शंभर काड्या आणि दहा रबरबँड घ्या, दहा-दहाच्या जुड्या बांधा. तीन जुड्या समोर ठेवून ‘तीस’ म्हणा. शेजारी एक सुटी काडी ठेवा: एक-तीस. ती उचला, पुन्हा तीस. आता एका जुडीचं रबर सोडून त्यातली एक काडी काढून घ्या: एकोण-तीस. समोर किती उरल्या ते तिला मोजू द्या: दोन जुड्या आणि नऊ सुट्या. ‘एकतीस’ आणि ‘एकोणतीस’ लागोपाठ करायचं कारण म्हणजे कानाला दोन्हीत फरक फक्त ‘ओण’चा आहे, आणि हाताला एक काडी ठेवली की काढली याचा. मग हेच चाळीस, साठ आणि नव्वद घेऊन करा. एकोणीसने सुरुवात करू नका. तो शब्द तिने अख्खा पाठ केलाय आणि त्यातला ‘वीस’ झिजून ‘ईस’ झालाय, त्यामुळे त्यात तिला रचना दिसणार नाही.

खरं तर मराठीत सगळ्यात सरळ वागणारे आकडे हेच आहेत. एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद: पुढच्या दशकाचं पूर्ण नाव जसंच्या तसं आणि त्यामागे एकोण. हिंदीत ७९ पर्यंत ‘उन’ची हीच रीत चालते, पण ८९ ला ‘नवासी’ होतं. आपल्याकडे ८९ सुद्धा शिस्तीत येतो. फक्त ९९ फुटतो: ‘नव्व्याण्णव’, म्हणजे नऊ आणि नव्वद. तिथे तिची जर्मन सवय बरोबर ठरेल, म्हणून तो सगळ्यात शेवटी शिकवा. आधी शिकवलात तर तिला वाटेल की आपलंच खरं होतं.

चूक गेली की नाही हे पाहायला तीन आकडे पुरतात: एकोणचाळीस, एकेचाळीस आणि एकोणसाठ, क्रम उलटसुलट करून. एकोणचाळीसला ४९ लिहिलं तर जुना घोळ तसाच आहे. ४१ लिहिलं तर ‘एक’ ऐकून ती पुढे थांबलीच नाही, म्हणजे दोष कानाचा आहे. शब्द तोडून, ‘ओण’वर जोर देऊन म्हणा. एक ते शंभर म्हणायला लावून यातलं काहीच कळत नाही. म्हणताना एकोणतीस हा अठ्ठावीसनंतर येणारा आवाज असतो, त्याची किंमत माहीत नसली तरी चालतं. पाठांतर बंद करा असं मी म्हणत नाही, पण त्याला परीक्षा समजू नका.

पुढचे आकडे. इंग्रजीभाषक मुलांची पहिली अडचण असते ती उलट्या क्रमाची. ‘पस्तीस’मध्ये पाच आधी ऐकू येतो आणि ती ५३ लिहून मोकळी होतात. तुमच्या विद्यार्थिनीला हा त्रास कमी होईल, कारण जर्मनमध्येही एकक आधी बोलतात. त्यावर वेळ घालवू नका.

तिला आकड्याचं शेपूट, म्हणजे दशक सांगणारा शेवटचा भाग, ओळखायला शिकवा. वीस, तीस, चाळीस आणि ऐंशी यांची शेपटं मूळ नावासारखीच राहतात. बाकी चार बदलतात: पन्नासचं ‘वन्न’ किंवा ‘पन्न’ (त्रेपन्न, चोपन्न, छप्पन्न एवढ्यांनाच पन्न), साठचं ‘सष्ट’, सत्तरचं ‘हत्तर’, नव्वदचं ‘ण्णव’. आठ शेपटांची आठ कार्डं करा. तुम्ही आकडा बोला, तिने फक्त दशकाचं कार्ड उचलायचं, एकक विचारायचाच नाही. रोज पाच मिनिटं पुरे. एकोणचे शब्द या खेळात घालू नका, त्यांचं शेपूट पुढचा दशक सांगतं. घोळ होतो तो वन्न आणि ण्णवमध्ये. एक्कावन्न-एक्क्याण्णव, बावन्न-ब्याण्णव या जोड्या मुद्दाम घ्या आणि ‘ण्णव’ म्हणताना शेवटचा व ऐकू येऊ द्या.

डोकी, म्हणजे एककाची रूपं, अनियमित असतात हे सगळेच सांगतात. ती कुठे कुठे सारखी असतात हे मात्र कुणी सांगत नाही. एक्क्या, ब्या, त्र्या, चौऱ्या, पंच्या, शहा, सत्त्या, अठ्ठ्या ही आठ डोकी ऐंशीला लावा, एक्क्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशी. हीच ण्णवला लावा, एक्क्याण्णव ते अठ्ठ्याण्णव. यातलीच शेवटची सहा सत्तरीत चालतात, त्र्याहत्तर ते अठ्ठ्याहत्तर; वेगळे फक्त एक्काहत्तर आणि बाहत्तर (आणि शहात्तरमधला ह एकच, तो ऐकून आपोआप येतो). म्हणजे आठ डोक्यांत बावीस आकडे झाले. म्हणून एकवीसपासून क्रमाने जाण्यापेक्षा वीस-तीस झाल्यावर थेट ऐंशीवर उडी मारावी असं माझं मत आहे. शाळेत हे कुणी करत नाही, तुम्ही घरी करू शकता.

उरलेल्यात विशी आणि पन्नाशी बहिणी आहेत: बावीस-बावन्न, पंचवीस-पंचावन्न, सत्तावीस-सत्तावन्न, अठ्ठावीस-अठ्ठावन्न. तिशी आणि साठीचंही तसंच. दोन्हींत सात आणि आठ ‘द’ आणि ‘ड’वर जातात, सदतीस-सदुसष्ट आणि अडतीस-अडुसष्ट, आणि पाचातला च गळतो, पस्तीस-पासष्ट. चाळिशी एकटी, पण तिथे प्रत्येक डोक्याला शेवटी ए लागतो: बेचाळीस, त्रेचाळीस, सत्तेचाळीस. ‘बा’ आणि ‘बे’चा दोनशी काय संबंध, असं ती विचारेलच. तेव्हा ‘बे एके बे’ म्हणून दाखवा, पाढ्यात दोनाला बेच म्हणतात.

सहाचं मात्र काही करता येत नाही. सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, मग तिन्हीकडे शहा. हे पहिले पाच शब्द एका कार्डावर लिहा आणि चक्क पाठ करून घ्या. संस्कृत ‘षट्’ कुठे स झाला, कुठे छ, कुठे श. त्यातून नऊ वर्षांच्या मुलीला उपयोगी पडेल असा नियम निघत नाही.

आता उच्चार, कारण अर्धा घोळ तिथेच असतो. सात, साठ आणि आठ: जर्मन कानाला त आणि ठ एकच वाटतात. शिवाय जर्मनमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा स स्वरापुढे झ-सारखा होतो, म्हणून तिचा ‘सात’ ‘झात’सारखा येईल. तो लगेच सुधारत बसू नका. सात-साठ आणि सतरा-सत्तर या जोड्या आधी नुसत्या ऐकून कार्ड उचलण्यापुरत्या करा. कान तयार झाल्याशिवाय जीभ वळत नाही.

देवनागरी अंक महिनाभर पुढे ढकला. आपला १ हा तिला शाळेतल्या नऊसारखा दिसतो आणि ४ हा आठसारखा. ज्या मुलीच्या डोक्यात ‘एकोण’मुळे आधीच एक आणि नऊची गल्लत आहे, तिच्यापुढे १९ लिहून ठेवणं म्हणजे आगीत तेल. दुकानातल्या पाट्या वाचायच्या वेळी शिकेल.

कुणीतरी तुम्हाला नक्की सुचवेल की ‘वीस एक, वीस दोन’ असं शिकवा, सोपं आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ही वाचनाची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. गणितज्ञ मंगला नारळीकरांनी त्या बाजूने मांडलेला मुद्दा जोडाक्षरांनी अडखळणाऱ्या मुलांचा होता आणि तो मला पटतो. बेरीज शिकवायची असेल तर ही रीत चांगलीच आहे. पण तुमची विद्यार्थिनी गणित जर्मनमध्ये शिकतेच आहे. तिला हवंय ते भाजीवालीचं ‘पासष्ट झाले’ कळणं. तिथे ‘साठ पाच’ कुणी म्हणणार नाही.

मी भाषाशास्त्रज्ञ नाही, आणि गावोगावी रूपं बदलतात. शेहेचाळीस म्हणणारेही भरपूर आहेत, एक्केचाळीसही म्हणतात. तुमच्या तोंडी असेल ते एकच रूप धरा आणि तिच्यासमोर बदलू नका.

शंभरच्या पुढे ती ‘शंभर एक’ म्हणेल. शंभर हा शब्द नेमक्या शंभरालाच, त्यापुढे एकशे एक, दोनशे, तीनशे. आणि दुकानात दीडशे-अडीचशे ऐकून ती गोंधळली तर तिला तिचंच घड्याळ आठवून द्या. जर्मनमध्ये अडीच वाजले की ‘हाल्प द्राय’ म्हणतात, म्हणजे अर्धा तीन: पुढच्या आकड्यावरून मागे मोजणं. एकोणतीस, पावणेतीन हे त्याच चालीचे आहेत. काड्यांचा खेळ झाल्यावर हे घड्याळ दाखवा, आधी नको.