इन्सुलेटेड बीमचं गणित: सुरुवात इथून करा

आगीत इन्सुलेटेड स्टील बीम किती तापतो, हे काढणारी तुमची शीट पाहिली. थेट फायनाइट एलिमेंटकडे, म्हणजे छेदाचे बारीक तुकडे पाडून संगणकावर गणित करण्याकडे, जाऊ नका. स्टील उष्णता इतकी पटकन पसरवतं की पूर्ण छेदाचं तापमान एकच धरलं तरी चालतं. खरा अडथळा इन्सुलेशनचा असतो. त्यामुळे हलक्या बोर्डसाठी एवढंच पुरे:

```
ΔTs = k*(Ap/V)/(d*c*rho) * (Tg-Ts) * dt
```

यात k म्हणजे इन्सुलेशनची उष्णतावाहकता, Ap/V म्हणजे इन्सुलेशनचं क्षेत्रफळ भागिले स्टीलचं घनफळ, d म्हणजे इन्सुलेशनची जाडी मीटरमध्ये, c आणि rho म्हणजे स्टीलची विशिष्ट उष्णता आणि घनता, Tg वायूचं आणि Ts स्टीलचं तापमान, dt म्हणजे सेकंदांतली वेळेची पायरी. k=0.15, Ap/V=150, d=0.02, c=600, rho=7850 घेतलं तर गुणक साधारण 0.00024 येतो. ISO 834 या प्रमाणित आगीच्या तापमान-वक्रावर 22 मिनिटांना वायू जवळपास 800 अंशांवर असतो. तेव्हा स्टील 200 वर असेल, तर 30 सेकंदांत ते 4.3 अंशांनी चढेल.

नवखे बहुतेक इथे चुकतात:
- जाडी मिलिमीटरमध्येच टाकतात. मग वाढ हजारपट कमी येते आणि तासाभरानंतरही स्टील गारच दिसतं.
- वर स्लॅब असूनही चारही बाजू मोजतात. तिथे Ap तीनच बाजूंचा. बोर्डची पेटी असेल तर पेटीचा आतला परीघ.
- k खोलीच्या तापमानाचा घेतात. तापल्यावर तो बराच वाढतो, म्हणून अग्निचाचणीतला आकडा मागा.

dt 30 सेकंदांपेक्षा मोठा नको. बोर्डमधली ओल आणि बोर्डची स्वतःची उष्णताधारकता सध्या बाजूला ठेवा. जड प्लास्टर असेल तेव्हा मात्र ही उष्णताधारकता धरावीच लागेल.