पगारवाढीचे टिपण: साहेबांना जसेच्या तसे वर पाठवता येईल असे

प्रश्न: मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तीन वर्षांपासून क्वालिटी इंजिनिअर आहे. सीटीसी वर्षाला ४.८ लाख. जूनमध्ये सीनियर सोडून गेले आणि ग्राहकांच्या तक्रारींचे त्यांचे सगळे काम माझ्याकडे आले. पगार मात्र तोच. साहेब चांगले आहेत, नोकरी सोडायची नाही, ‘नाही तर जाते’ असे म्हणायचेही नाही. वाढ कशी मागू?

उत्तर: साहेब कितीही अनुकूल असले तरी बहुतेक कारखान्यांत वाढीचा आकडा ते एकटे ठरवत नाहीत. त्यांना तो प्लांट हेड आणि एचआरपुढे मांडावा लागतो, आणि त्या बैठकीत तुम्ही नसता. त्यामुळे तुमचे म्हणणे एका पानाच्या टिपणात असे उतरले पाहिजे, की साहेबांना ते एक शब्दही न बदलता पुढे पाठवता यावे. वाढ एप्रिलपासून लागू होत असेल, तर विभागाच्या वाट्याची रक्कम साधारणपणे मार्चअखेरपूर्वीच ठरलेली असते. म्हणून हे टिपण डिसेंबर-जानेवारीत त्यांच्या हाती पडावे. वाढीचे पत्र मिळाल्यावर केलेल्या मागणीला बहुधा ‘पुढच्या वर्षी बघू’ हेच उत्तर मिळते.

टिपणाच्या पहिल्याच परिच्छेदात दोन गोष्टी वेगळ्या करा. दरवर्षीची वाढ सगळ्यांनाच मिळते; तुम्ही मागत आहात ती बदललेल्या कामानुसार पदाची आणि पगाराची दुरुस्ती. हा भेद स्पष्ट केला नाही, तर नेहमीची आठ-दहा टक्के वाढ देऊन विषय संपवला जातो, आणि त्यात कोणाची लबाडीही नसते.

पुराव्याबाबत मात्र काटेकोर राहा. ‘तक्रारी कमी झाल्या’ हे विधान कोणीही खोडून काढेल, कारण माल कमी गेला असेल तर तक्रारीही कमीच येणार. उदाहरणादाखल समजा, एप्रिल ते जूनमध्ये ६ लाख नग गेले आणि २७० परत आले, म्हणजे ४५० पीपीएम. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ७ लाख गेले आणि १२६ परत आले, म्हणजे १८० पीपीएम. आता माल वाढूनही दोष घटल्याचे दिसते. पुढचा प्रश्न येईल तो तुमच्या वाट्याचा. त्याच काळात प्रॉडक्शनने नवीन फिक्श्चर बसवले असेल तर तसे स्वतःहून लिहा, आणि त्याखाली तुम्ही सुरू केलेली गोष्ट नोंदवा: शिफ्ट सुरू होताना गेजची तपासणी, किंवा तुमच्या सहीचे ८डी रिपोर्ट आणि त्यांपैकी किती तक्रारी ग्राहकाने बंद केल्या. श्रेय वाटून घेणाऱ्या कागदावर प्लांट हेडचा विश्वास लवकर बसतो. ग्राहकाच्या डेबिट नोटची रक्कम घटली असेल तर ती अकाउंट्सकडून साहेबांमार्फतच मागवा. कंपनीची आकडेवारी स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवण्याची चूक करू नका, तिच्यावरून शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

आकडा तुम्हीच सांगा. चाकण-रांजणगाव पट्ट्यातील याच जबाबदारीच्या जाहिराती आणि ओळखीच्या तीन-चार इंजिनिअरांचे पगार यांवरून पट्टा काढा. तो साडेपाच ते सव्वासहा लाख निघाला, तर ५.८ लाखांची मागणी गैरवाजवी नाही. ही सुमारे २१ टक्के वाढ असल्याने तिला बदललेल्या पदाचा आधार लागेलच. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा पगार, घरभाडे, गृहकर्ज यांचा उल्लेख टिपणात नको, कारण त्यांचा तुमच्या कामाच्या मोलाशी संबंध नाही.

भेटीत असे म्हणता येईल: “सर, जूनपासून तक्रारींचे काम मी पाहते आहे. त्याचे आकडे या पानावर आहेत. या जबाबदारीनुसार पद आणि पगार यांचा विचार व्हावा, अशी विनंती आहे. यात आणखी काय जोडले तर तुम्हाला वर मांडायला सोपे जाईल?” एवढे बोलून थांबा. ‘बाहेरून फोन येतात’ हे सहज म्हणून बोललेले वाक्यही धमकीसारखेच ऐकू येते. ते कानावर पडताच साहेब तुमच्या वाढीऐवजी तुमच्या जागी कोण, याचा विचार करू लागतात.

नकार आला तर तो पैशाअभावी आहे की कामाबद्दल शंका म्हणून, हे विचारा; पुन्हा विचार कोणत्या महिन्यात होईल आणि तोवर कोणता आकडा दिसायला हवा, हेही ठरवून घ्या. त्याच संध्याकाळी आभाराच्या दोन ओळींसह हे सारे ईमेलवर नोंदवा, म्हणजे साहेब बदलले तरी बोलणे कागदावर राहील. होकार आला तर नव्या पत्रात वाढ निश्चित पगारात आहे की व्हेरिएबलमध्ये, ते पाहा. सीटीसीमध्ये कंपनीचा पीएफचा हिस्सा आणि बहुधा ग्रॅच्युइटीही धरलेली असते, त्यामुळे वर्षाला १ लाख वाढले तरी दरमहा हातात ८,३०० रुपये जास्त येतील असे समजू नका. पत्रावर सही करण्यापूर्वी एचआरकडून नवीन पगाराची फोड लेखी मागून घ्या.