मोटर दुरुस्तीच्या दुकानाचा वर्षअखेरचा मेसेज: कशाचे आभार मानायचे आणि कशाचे नाही

प्रश्न: चोपडा तालुक्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक केळीवाले शेतकरी. 31 डिसेंबरला सगळ्यांना व्हॉट्सॲपवर आभाराचा मेसेज पाठवायचाय. यंदा मे महिन्यात काम तुंबलं, लोक तीन-चार दिवस थांबले, दुकानातल्या दोन जादा मोटरी फिरवून कसंबसं भागवलं. भाच्याने खालचा मेसेज लिहून दिला, पण तो पुढाऱ्याच्या बॅनरसारखा वाटतो. काय बदलू?

«सर्व सन्माननीय ग्राहकांना नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा! आपल्या आशीर्वादाने यंदा आम्ही 600 मोटरी दुरुस्त करण्याचा विक्रमी टप्पा गाठला. तालुक्यात सर्वात जलद सेवा देणारे एकमेव दुकान म्हणून आपण आम्हाला पसंती दिलीत. ग्राहक हेच आमचे दैवत. आमच्या कारागिरांनी रात्रंदिवस मेहनत घेतली. आपल्या उदंड प्रतिसादाबद्दल मनःपूर्वक आभार! असाच लोभ असू द्यावा. नवीन पंपावर 10 टक्के सूट.»

उत्तर:

राम राम. मी जळगावात छपाईच्या दुकानात मजकूर बघतो. डिसेंबर आला की असे मेसेज, कॅलेंडरं, शुभेच्छापत्रं टेबलावर येतातच, त्यामुळे तुमच्या भाच्याची भाषा ओळखीची आहे.

आधी त्या 600 कडे बघू. मिठाईवाल्याने 600 किलो पेढे विकले म्हणून सांगितलं तर ऐकणाऱ्याला काही वाटत नाही, पेढे लोकांनी आनंदात नेलेले असतात. तुमच्याकडे आलेली प्रत्येक मोटर मात्र कुणाची तरी जळालेली मोटर होती. ज्या शेतकऱ्याने भर मे महिन्यात विहिरीतून मोटर वर काढली, टेम्पोत घातली आणि केळीचा बाग तसाच तापत ठेवून तुमच्या दारात आणली, त्याला हा ‘विक्रमी टप्पा’ वाचून काय वाटेल? डॉक्टरने वर्षअखेरीला मोडलेल्या हाडांचा आकडा अभिमानाने सांगावा, तसं होतं ते. दुरुस्तीच्या धंद्यात आपली उलाढाल ही गिऱ्हाइकाची अडचण असते. म्हणून हा आकडा पूर्ण काढा, कमी करून ‘शेकडो’ असंही लिहू नका. सुरुवातीला ‘आपल्या आशीर्वादाने’ जोडलं म्हणून फुशारकी झाकत नाही. वाचणारा आशीर्वाद ओलांडून सरळ आकड्यावर जातो.

‘सर्वात जलद, एकमेव’ तर मे महिन्यात चार दिवस थांबलेल्या माणसाला पाठवताच येणार नाही. ‘ग्राहक हेच दैवत’ हेही जाऊ द्या. दोनशे रुपये कमी करा म्हणून तुमच्याशी तासभर हुज्जत घालणाऱ्या आबांना आपण देव नाही हे चांगलं माहीत असतं. कारागिरांच्या मेहनतीचं वाक्य दिसायला साधं आहे, पण ते आपलंच कौतुक मागच्या दाराने आत आणतं. पोरांचे आभार पोरांसमोर माना, जमल्यास पाकिटात घालून.

एवढं काढल्यावर हातात काय उरतं? शुभेच्छा, ‘उदंड प्रतिसाद’, ‘लोभ’ आणि सूट. म्हणजे आभाराचं कारण मेसेजमध्ये नव्हतंच. ते तुमच्या प्रश्नात आहे: लोक थांबले आणि दोन मोटरी फिरल्या. बाकीची कारणं दुकानाच्या वहीत सापडतील. जानेवारीपासून वही चाळा. प्रत्येक महिन्यापाशी थांबून बघा, की गिऱ्हाइकाने असं काय केलं जे करायला तो बांधील नव्हता आणि ज्यात त्याचा वेळ, पैसा किंवा धीर खर्च झाला. पैसे देऊन मोटर नेली, यात बांधिलकी आहे. पण विहिरीवरच्या मोनोब्लॉकला नवी वाइंडिंग भरून झाल्यावर वॉर्निश नीट वाळेपर्यंत त्याने घाई केली नाही, याला किंमत आहे. ओलं वॉर्निश बल्बच्या धगीवर अर्धवट वाळवून दिलं तर इन्सुलेशन कच्चं राहतं आणि मोटर पुन्हा जळते, हे तुम्हाला माहीत आहे. त्याला माहीत असेलच असं नाही. त्याने फक्त तुमच्या शब्दावर आणखी एक दिवस कळ काढली.

तुमच्या वहीत आणखी दोन-तीन गोष्टी निघतील असं मला वाटतं. त्यांतल्या सगळ्या मेसेजमध्ये घालायच्या नाहीत.

काही जणांनी मोटरसोबत स्टार्टरही आणला असेल, डीपीवरचा एक फेज गेला होता हेही सांगितलं असेल. एक फेज गेला तरी थ्री-फेजची चालू मोटर लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर ती जास्त करंट ओढत गुणगुणत राहते आणि वाइंडिंग जळते. हे सांगणाऱ्यामुळे तुम्हाला नुसती वाइंडिंग न भरता मूळ कारणही शोधता येतं. आभाराला हे उत्तम कारण आहे, पण सगळ्यांना पाठवलं की त्याची सूचना होते: ‘पुढच्या वेळी स्टार्टर आणत जा.’ म्हणून ज्या चार-सहा जणांनी हे केलं त्यांना फोन करा किंवा दुकानात आले की तोंडावर सांगा. कुणाचं नाव घालून सगळ्यांना पाठवू नका. ज्याचं नाव येईल तो संकोचतो, ज्याचं राहील तो लक्षात ठेवतो.

कापूस विकल्यावर उधारी चुकती करणाऱ्यांचे आभारही नकोत. ज्यांची बाकी अजून आहे त्यांना तो मेसेज तगादा वाटेल. ‘तुम्ही शेजाऱ्यालाही आमच्याकडे पाठवलंत’ हेसुद्धा वरून आभार आणि आतून जाहिरात आहे.

मग उरलेल्या दोन गोष्टी घ्या: थांबणं आणि जादा मोटरी वेळेवर परत करणं. दोन पुरेत. पाच गोष्टी लिहिल्या की यादी होते आणि एकही मनाला लागत नाही.

आता वाक्य कसं बांधायचं ते बघा. ‘सहकार्याबद्दल आभार’, ‘प्रतिसादाबद्दल आभार’ अशा वाक्यांत कुणी काही करताना दिसत नाही. कर्ता ‘तुम्ही’ ठेवा, त्याने केलेलं काम लिहा आणि त्यामुळे दुसऱ्या कुणाचं काय भागलं ते जोडा. ‘म्हणून आमचं नाव झालं’ असं लिहिलंत की गाडी पुन्हा आपल्याकडे वळते. ‘म्हणून पुढच्या माणसाच्या बागेला पाणी मिळालं’ असं लिहा. जी गोष्ट सगळ्यांनी केली नाही तिथे ‘ज्यांनी… त्यांनी’ अशी रचना ठेवा. ज्याने जादा मोटर कधी नेलीच नाही त्याला ते वाक्य खोटं वाटत नाही, शेजाऱ्याबद्दलचं आहे म्हणून तो वाचतो.

माझ्या हाताने मजकूर असा होईल:

«राम राम. यंदा मे महिन्यात आमच्याकडे काम तुंबलं आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मोटरीसाठी तीन-चार दिवस थांबावं लागलं. त्या उन्हात केळीला पाणी नसताना तीन दिवस किती जड जातात, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी तुम्ही वॉर्निश वाळेपर्यंत थांबलात, कच्ची मोटर द्या म्हणून घाई केली नाही. ज्यांनी दुकानातली जादा मोटर नेली, त्यांनी स्वतःची मिळताच ती परत आणून दिली, म्हणून ती लगेच पुढच्या विहिरीवर जाऊ शकली. याबद्दल तुमचे आभार. नव्या वर्षात विहिरीला पाणी राहो, लाइट पूर्ण दाबाने मिळो आणि आमच्या दुकानात यायची वेळ कमी येवो.»

खाली तुमचं नाव, दुकानाचं नाव, बस. जादा मोटरी खरोखर वेळेत परत आल्या होत्या का, हे वहीत बघून घ्या. एखादी महिनाभर अडकली असेल तर ते वाक्य ‘बहुतेकांनी’ असं करा, कारण ज्याने अडकवली तोही हे वाचणार आहे आणि त्याच्या गावातल्यांना ते माहीत आहे.

‘थांबलात’च्या पुढे ‘म्हणून एकही मोटर परत आली नाही’ असं लिहायचा मोह होईल. ते टाळा. एखादी आली असेलच, आणि तिचा मालक ते वाक्य गावभर दाखवेल. मी मजकूर तपासताना वर्षभरात सगळ्यात जास्त नाराज झालेलं गिऱ्हाईक डोळ्यांसमोर आणतो आणि त्याच्या आवाजात प्रत्येक ओळ वाचतो. जिथे तो ‘काय सांगतोस!’ म्हणेल ती ओळ जाते. वरच्या मजकुरात उशिराची कबुली आहे, पण माफीचा पाढा नाही. माफी लांबली की ‘असू दे भो, काही हरकत नाही’ असं म्हणायचं ओझं वाचणाऱ्यावर पडतं.

शेवटची शुभेच्छा वाचून भाचा म्हणेल, मामा, गिऱ्हाईक कमी येवो असं कुणी लिहितं का? लिहा. मोटर दुरुस्त करणाऱ्याच्या तोंडी ती खरी वाटते, आणि मोटरी जळायच्या काही थांबत नाहीत.

10 टक्के सूट या मेसेजमधून काढा. द्यायची असेल तर संक्रांतीनंतर वेगळा मेसेज करा, त्यात पंपाची कंपनी, एचपी, किंमत आणि मुदत लिहा. आभाराच्या शेपटीला सूट लागली की वरचं सगळं तिच्यासाठी लिहिलं होतं असं वाटतं.

भाषा दुकानात बोलता तशी ठेवा. एरवी तुम्ही त्यांना ‘नाना, चहा घ्या’ म्हणता आणि मेसेजमध्ये अचानक ‘सर्व सन्माननीय’ म्हणता, तेव्हा मेसेज कुणा दुसऱ्याने लिहिलाय हे लगेच कळतं. अहिराणीत लिहायची इच्छा असेल तर एक विचार करा, तुमच्या तालुक्यात गुजर बोली, लेवा बोली, सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी बोलणारेही गिऱ्हाईक असणार. साधी मराठी सगळ्यांना चालेल. ज्यांना वाचायला जड जातं त्यांच्यासाठी हाच मजकूर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, भाच्याच्या नको.

पाठवताना ग्रुपवर टाकू नका, तिथे तो गुड मॉर्निंगच्या फोटोंखाली दबतो. ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका लिस्टमध्ये 256 जण बसतात, आणि ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच तो पोहोचतो. म्हणून जुन्या गिऱ्हाइकांपैकी कुणाला मिळाला नाही ते बघून त्यांना वेगळा पाठवा. उत्तरं प्रत्येकाची स्वतंत्र येतील. बरेच जण हात जोडल्याचं चिन्ह पाठवतील, एखादा मात्र ‘माझा स्टार्टर ऑक्टोबरपासून तुमच्याकडेच पडलाय’ असं लिहील. त्याला त्याच दिवशी फोन करा.