बाबांचं उत्तर बरोबर, की आन्सर कीचं?

«मॅडम, मी बारावीला आहे आणि कायद्याच्या प्रवेशासाठी क्लॅट परीक्षेची तयारी करतोय. लीगल रीझनिंगमध्ये, म्हणजे उताऱ्यात नियम देऊन त्यावर प्रश्न विचारतात त्या भागात, मला कायदा माहीत असतो, तरी उत्तरं चुकतात. माझे मामा वकील आहेत. त्यांना प्रश्न दाखवले तर ते म्हणतात तुझंच उत्तर बरोबर आहे, आन्सर की चुकली असेल. मग कुणावर विश्वास ठेवू? आणि माहीत असलेला कायदा परीक्षेपुरता विसरायचा कसा?»

विसरायचा नाही. विसरता येणारही नाही. फक्त त्याला कुठल्या प्रश्नात बोलू द्यायचं, हे ठरवावं लागतं. तुमच्यासारखीच एक मुलगी माझ्याकडे वडिलांना घेऊन आली होती. तिचं नाव इथे मुक्ता असं बदलून लिहिते. वडील तालुका कोर्टात दिवाणी दावे चालवणारे. लहानपणापासून घरात मुदत, तारीख, कैफियत हेच शब्द कानावर. मुक्ताचं इंग्रजी चांगलं, वाचनाचा वेग चांगला, आणि तरीही सराव परीक्षेत सगळ्यात कमी गुण लीगल रीझनिंगमध्ये. वडिलांची पक्की खात्री होती की क्लासवाल्यांचे पेपर सदोष आहेत.

मी तिला चुकलेले प्रश्न घेऊन बसवलं आणि एकच काम सांगितलं. तू जो पर्याय निवडलास, त्याला आधार देणारं वाक्य उताऱ्यात पेन्सिलीने अधोरेखित कर. काही प्रश्नांत तिला वाक्य सापडलं, पण अर्धंच वाचलेलं. बहुतेक प्रश्नांत मात्र पेन्सिल उताऱ्यावर फिरत राहिली आणि कुठेच टेकली नाही. आधार उताऱ्यात नव्हताच, तो घरातून आलेला होता.

त्यातला एक प्रश्न पूर्ण सांगते, कारण सगळी गोम त्यातच आहे. क्लॅटचा पेपर इंग्रजीत असतो, इथे मी मराठीत मांडते. उताऱ्याचा गाभा असा होता: अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार तिच्या इच्छेनुसार तिला रद्द करता येतो. मात्र अठरा पूर्ण झाल्यावर तिने तो करार शब्दांनी किंवा वागण्याने मान्य केला, तर त्यानंतर तिला तो रद्द करता येत नाही. समोरच्या पक्षाला, ती व्यक्ती अल्पवयीन होती या कारणावरून करारातून बाहेर पडता येत नाही.

प्रसंग असा: सतरा वर्षांच्या सईने दुकानातून ३६,००० रुपयांचा कॅमेरा घेतला, दरमहा ३,००० रुपयांचे बारा हप्ते ठरले. चार हप्ते भरल्यावर ती अठरा वर्षांची झाली. पुढचे दोन हप्तेही तिने भरले. मग तिने पैसे थांबवले आणि म्हणाली, करार केला तेव्हा मी अल्पवयीन होते, मी तो रद्द करते. उरलेले १८,००० रुपये द्यायला ती बांधील आहे का?

पर्याय चार. अ: नाही, कारण अल्पवयीनाने केलेला करार मुळातच निरर्थक असतो. ब: नाही, कारण करार करताना ती अल्पवयीन होती आणि तो रद्द करण्याचा अधिकार तिला आहे. क: आहे, कारण अठरा पूर्ण झाल्यावर हप्ते भरून तिने करार वागण्याने मान्य केला. ड: आहे, कारण कॅमेरा वापरून पैसे बुडवणं दुकानदारावर अन्याय ठरेल.

मुक्ताने क्षणात अ लिहिला होता. वडील लगेच म्हणाले, «बरोबरच आहे की! मोहोरीबीबीचा निकाल आहे, १९०३ चा, प्रिव्ही कौन्सिलचा. अल्पवयीनाचा करार व्हॉइड. सज्ञान झाल्यावर त्याला मान्यताही देता येत नाही.» आणि भारतीय करार कायद्यापुरतं त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. १८७२ च्या कायद्याचं कलम ११ आणि तो निकाल, दोन्ही त्यांच्या बाजूने. कॅमेरा दुकानदाराला परत मागता येईल का, हा वेगळा वाद. पण करार म्हणून हप्ते वसूल होणार नाहीत.

पण उत्तर क आहे. उताऱ्यातला नियम करार निरर्थक म्हणतच नाही, तो फक्त रद्द करता येण्याजोगा म्हणतो, आणि सज्ञान झाल्यावरच्या मान्यतेला जागा देतो. पर्याय अ मधलं एकही अक्षर उताऱ्यातून निघत नाही. तो पर्याय चुकून तिथे आलेला नाही. ज्याने थोडा कायदा वाचलाय त्याच्यासाठीच तो ठेवलेला असतो. ज्या मुलीने मोहोरीबीबीचं नाव कधी ऐकलं नाही, तिला अ ची भुरळही पडत नाही.

वडील थोडे नाराज झाले. म्हणाले, «मग पोरीला खोटा कायदा शिकवायचा का?» त्यांना मी त्यांच्याच कामातलं विचारलं. भारतीय न्याय संहिता हा नवा फौजदारी कायदा १ जुलै २०२४ ला लागू झाला. ३० जूनला घडलेल्या चोरीचा खटला आज उभा राहिला तर तुमचा फौजदारीतला मित्र कुठलं कलम लावेल? «जुनं. भारतीय दंड संहितेचं.» नवा कायदा पाठ असूनही? «अर्थात. त्या घटनेला तोच लागू.» एवढं बोलून ते स्वतःच हसले. त्या दिवसानंतर घरात «की चुकली» हे वाक्य बंद झालं, असं मुक्ताने नंतर सांगितलं.

तर तुमच्या मामांना दोष देऊ नका. त्यांना तुम्ही प्रश्न विचारता तेव्हा बहुधा प्रसंग आणि पर्याय सांगता, उतारा वाचून दाखवत नाही. वकिलाला नुसता प्रसंग सांगितला तर तो देशाच्या कायद्यानेच उत्तर देणार. पुढच्या वेळी आधी उतारा त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, एवढाच कायदा अस्तित्वात आहे असं धरून सांगा.

आता पर्याय ब कडे या, कारण अ मधून बाहेर पडलेली मुलं तिथे अडकतात. ब चं वाक्य उताऱ्यात खरोखर आहे, पेन्सिल टेकते. पण ते नियमाचं अर्धं अंग आहे. «मात्र» च्या पुढचं वाचलं की ते गळून पडतं. लीगल रीझनिंगच्या उताऱ्यात «मात्र», «परंतु», «जोपर्यंत», «वगळता» अशा अर्थाचे इंग्रजी शब्द दिसले की मी मुलांना त्यांच्याभोवती गोल करायला सांगते. प्रश्न बहुतेक वेळा त्या गोलाच्या पलीकडच्या भागावर असतो. पर्याय ड तर गंमतशीर. निष्कर्ष बरोबर, कारण बाहेरचं. दुकानदारावर अन्याय झाला की नाही, याबद्दल उतारा अवाक्षर काढत नाही. म्हणून मी पर्याय वाचताना आधी «कारण» च्या पुढचा भाग वाचायला लावते, «हो» की «नाही» ते नंतर. ज्याचं कारण उताऱ्यात नाही तो पर्याय कितीही शहाणा वाटला तरी बाद.

त्याच उताऱ्यावर पुढचा प्रश्न होता: कॅमेऱ्याची किंमत वाढली म्हणून, सई अजून सतरा वर्षांची असतानाच, दुकानदार म्हणतो की ही अल्पवयीन आहे, करार मोडला, कॅमेरा परत दे. चालेल का? मुक्ताने आधी «चालेल» लिहिलं होतं. डोक्यात तोच «निरर्थक» शब्द, आणि निरर्थक करार दोघांनाही बांधत नाही. उताऱ्याची तिसरी ओळ सरळ नाही म्हणते. म्हणजे बाहेरची एकच कल्पना एकाच उताऱ्यावरचे दोन प्रश्न घेऊन बुडाली. क्लॅटमध्ये प्रत्येक चुकीला पाव गुण कापला जातो, आणि एका उताऱ्याला अनेक प्रश्न लागलेले असतात, त्यामुळे हे नुकसान एकेकटं येत नाही.

इथे एक गैरसमज मात्र होतो. «बाहेरचं काहीच आणायचं नाही» असं घोकून काही मुलं लाकडासारखी वाचायला लागतात. सईने हप्ते भरणं म्हणजे «वागण्याने मान्य करणं» हे उताऱ्यात कुठे लिहिलंय? कुठेच नाही. हप्ता भरणारा माणूस व्यवहार चालू ठेवतोय, हे जगाचं साधं ज्ञान आहे आणि ते वापरायलाच हवं. शब्दांचे रोजचे अर्थ, व्यवहाराची समज, तारखांचा हिशोब हे सगळं तुमचं चालतं. चालत नाही तो फक्त उताऱ्याबाहेरचा कायदा आणि तुमची न्यायबुद्धी. आणि उतारा एखाद्या मुद्द्यावर गप्प असेल, जसं इथे करार रद्द केल्यावर कॅमेरा परत द्यायचा की नाही, तर ती पोकळी कायद्याने भरू नका. पर्यायांत सगळ्यात कमी गृहीत धरणारा शोधा.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. २०२० पासून क्लॅटचे उतारे लांब झाले, साधारण साडेचारशे शब्दांचे, आणि ते बऱ्याचदा खऱ्या निकालांवर किंवा लेखांवर बेतलेले असतात. बहुतेक वेळा उताऱ्यातला नियम आणि खरा कायदा एकच असतो. त्यामुळे तुमचं ज्ञान अनेक प्रश्नांत बरोबर उत्तर देतं आणि त्याच्यावरचा विश्वास वाढत जातो. मग एखादा उतारा बदललेल्या कायद्यावर येतो, किंवा लेखक कायदा कसा असावा हे सांगत असतो, किंवा अल्पमतातल्या न्यायमूर्तींचं मत मांडलेलं असतं, आणि सवयीने हात चुकीच्या पर्यायावर जातो. म्हणून विषय ओळखीचा वाटला की वेग वाढवू नका, उलट नियमाची वाक्यं एकदा जास्त वाचा. १२० मिनिटांत १२० प्रश्न असताना हे महाग वाटेल. पण अनोळखी विषयात तुम्ही आपोआप सावध असता, तिथे ते वाचन नीटच होतं. जादा वेळ लागतो तो फक्त ओळखीच्या उताऱ्यांना.

मुक्ताने पुढे एक सवय लावून घेतली. उतारा वाचून झाला की पर्याय झाकायचे आणि नियम स्वतःच्या शब्दांत समासात लिहायचा: कोण, काय करू शकतो, कधी नाही. वरच्या उताऱ्यासाठी तिचं टिपण एवढंच होतं: «लहान रद्द करू शकतो. मोठा झाल्यावर मानलं तर नाही. समोरचा कधीच नाही.» नंतर प्रसंगातली प्रत्येक गोष्ट यातल्या एकेका तुकड्याला लावून पाहायची. घरचा कायदा मनात आलाच तर तोही समासात लिहून त्यावर काट मारायची. दाबून टाकलेला विचार परत वर येतो, लिहून काट मारलेला सहसा येत नाही. सराव वाढल्यावर तिला लिहायची गरज उरली नाही.

आणि बाबांच्या किंवा मामांच्या नोट्स रद्दीत देऊ नका. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या कन्सोर्टियमने क्लॅटसाठी कायद्याचं पूर्वज्ञान लागत नाही असं सांगितलेलं आहे, पण महाराष्ट्राच्या लॉ सीईटीत कायद्याच्या माहितीवर थेट प्रश्न येतात, आणि तिथे चुकीला गुणही कापत नाहीत. तुमच्यातले बरेच जण दोन्ही परीक्षा देतात. सईचा हाच प्रसंग तिथे वर कुठलाही नियम न देता आला, तर उत्तर अ.