पालकसभेत एवढंच सांग

दहावीच्या पालकसभेसाठी लिहिलेलं तुझं लांबलचक भाषण वाचलं. आहार, झोप, वेळापत्रक, प्राणायाम, मोबाइलचे तोटे, सगळंच आहे त्यात. शेवटी तू विचारलंस, "सर, यातलं काय ठेवू?" पोरी, फार थोडं ठेव. पालकांना एकच गोष्ट सांग: संपलेल्या पेपराबद्दल घरात विचारायचं नाही.

हे मी इतकी वर्षं रेटतोय की स्टाफरूममध्ये त्याची चेष्टा व्हायची. "सर पालकांना मुके करायला निघालेत," म्हणायचे. म्हणोत. त्यांनी ती मुलगी पाहिली नव्हती.

धारूरकडची होती. आईवडील ऊसतोडीला कारखान्यावर, ही आजीजवळ. बीजगणिताचा पेपर झाला आणि संध्याकाळी फडातून वडिलांचा फोन आला, "कसा गेला?" हिचा आवाज पडला. वडील घाबरले, त्यांनी गावातल्या चुलत्याला घरी धाडलं. चुलत्याने प्रश्नपत्रिका घेऊन रात्री उशिरापर्यंत एकेक उत्तर ताडून पाहिलं आणि निकाल दिला: चाळीसपैकी सहा. मधला एक दिवस रडण्यात गेला. भूमितीच्या दिवशी पोट दुखतंय म्हणून ती केंद्रावर गेलीच नाही.

पुढे उत्तरपत्रिकेची छायाप्रत काढली, तेव्हा बीजगणितात अकरा निघाले. चुलत्याने फक्त शेवटची उत्तरं पाहिली होती. बोर्डात पायऱ्यांनाही गुण असतात, उत्तर चुकलं तरी मांडणीचे मिळतात. अंतर्गत मूल्यमापनाचे वीसपैकी सतरा तिच्या खात्यात आधीच होते. गणिताचे दोन्ही भाग आणि अंतर्गत गुण एकत्र धरतात, म्हणजे अठ्ठावीस झाले होते. पस्तिसाला सात कमी. भूमितीच्या पहिल्याच प्रश्नात एकेका गुणाचे आठ असतात! जुलैच्या पुरवणी परीक्षेत सुटली ती, पण घरात कुणाला ही बेरीज माहीत असती तर ती वेळच आली नसती.

म्हणून ही बेरीज फळ्यावर मांड. चाळीस, चाळीस, वीस. विज्ञानाचंही तसंच. अर्धा पेपर बिघडला म्हणजे विषय गेला नाही, हे पालकाला आकड्यात दिसू दे. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला जाता येतं, हेही सांग. तुझ्या मुख्याध्यापकांना वाटेल, याने मुलं आळशी होतील. अगं, हे आपण पालकांना सांगतोय. बापाची भीती उतरल्याशिवाय लेकराची उतरत नाही, आणि "टेन्शन घेऊ नको" म्हणणाऱ्या बापाचा चेहराच टेन्शनचा असेल तर लेकरू चेहरा वाचतं.

मग विचारायचं काय, असं कुणीतरी उठून म्हणेलच. जेवलीस का? उद्या केंद्रावर जायची गाडी किती वाजता? हॉलतिकीट पिशवीत ठेवलंस का? एवढं पुरे. ती आपणहून पेपराचं बोलली तर ऐकून घ्यायचं, पण पुस्तक उघडायचं नाही, शेजारच्या पोराला बोलवायचं नाही आणि लातूरच्या क्लासमधल्या भाच्याचं नाव तर अजिबात काढायचं नाही. लातूरचं नाव घेतलं की आपल्याकडच्या अर्ध्या घरांत जेवण थांबतं, हे तुला मी सांगायला नको.

माझ्या हट्टालाही एक मर्यादा आहे, तेवढी मात्र स्पष्ट सांग. पेपराचं विचारू नका म्हणजे लेकराकडे पाहूच नका असं नाही. सलग दोन-तीन रात्री झोप नाही, ताट तसंच परत येतंय, "मी नसलेलीच बरी" असं काही तोंडातून निघालं, तर गप्प बसायचं नाही. तिथे थेट विचारायचं, एकटं सोडायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. तो फळ्यावर मोठ्या अक्षरात लिही आणि सभा संपेपर्यंत पुसू नकोस.

आता खरी अडचण. ज्यांना हे सांगायचंय त्यातले निम्मे सभेला नसतील. दिवाळीनंतर गेलेली माणसं ऐन परीक्षेतही फडातच असतात. सभेला आज्या येतील. त्यांना मागच्या सतरंजीवर बसवू नकोस, पुढे बसव, कारण परीक्षेच्या काळात त्या घरातल्या पालक त्याच. कारखान्यावरच्यांसाठी तुझ्याच आवाजात दोन मिनिटांचा निरोप रेकॉर्ड करून वर्गाच्या ग्रुपवर टाक, आणि पहिल्या पेपराच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा टाक. एकदा टाकलेला ते विसरतात. बीजगणिताच्या दिवशी दुपारी, पोरं घरी पोचायच्या आत, तिसऱ्यांदा टाक. चिडतील एखाददोन, चिडू देत.

मुख्याध्यापकांनी पंधरा मिनिटं दिली असतील तर पाचात हे संपव आणि उरलेली दहा पालकांच्या प्रश्नांना दे. प्राणायामाचं पान घरीच ठेवून जा.