‘लाक्षणिक’ म्हणजे सिम्बॉलिक नव्हे

प्रश्न : धर्माच्या तत्त्वज्ञानावरच्या सेमिनारसाठी दोन पानांचं टिपण करते आहे. धार्मिक भाषा लिटरल, अ‍ॅनालॉजिकल किंवा सिम्बॉलिक असू शकते, असा विषय आहे. या तिघांना ‘शाब्दिक, सादृश्यात्मक आणि लाक्षणिक’ म्हटलं तर चालेल का?

‘लाक्षणिक’ चालणार नाही. हा घोटाळा वर्तमानपत्रांनी घातला आहे. कोणी एक दिवस उपाशी बसलं की बातमी येते, ‘लाक्षणिक उपोषण’. तिथून ‘लाक्षणिक’ म्हणजे ‘नावापुरतं, खुणेपुरतं’ अशी समजूत झाली आणि पुढे सिम्बॉलिक दिसलं की हाच शब्द डकवायची सवय लागली. हिंदीवाले याच उपोषणाला ‘सांकेतिक’ म्हणतात, ते निदान कुणाच्या शास्त्रावर पाय देत नाहीत.

लाक्षणिक म्हणजे लक्षणेनं कळणारं. लक्षणा हा शब्दाचा व्यापार, म्हणजे अर्थ देण्याची एक रीत आहे. काव्यशास्त्रकार मम्मटानं काव्यप्रकाशात तिच्या अटी सांगितल्या आहेत : मूळ अर्थ अडला पाहिजे, नव्या अर्थाशी त्याचा काही संबंध पाहिजे, आणि रूढी किंवा प्रयोजन पाहिजे. ‘गंगेवर गवळीवाडा आहे’ हे त्याचं ठरलेलं उदाहरण. पाण्याच्या प्रवाहावर वाडा उभा राहत नाही, म्हणून आपण ‘गंगेच्या काठावर’ असं समजतो. गंगेच्या गारव्याची, पावित्र्याची सूचना सोडली तर ‘काठ’ कळल्यावर अर्थाचं काम झालं. प्रतीकाचं असं होत नाही. शाळिग्रामाचा ‘खरा अर्थ’ कळला म्हणून कोणी शाळिग्राम देवघरातून काढून ठेवत नाही. लक्षणा शब्दावर घडते, प्रतीक मुळात वस्तू असते.

‘शाब्दिक’ही टाळा. मराठीत चकमक शाब्दिक असते. ‘वाच्यार्थानं’ म्हणा, कुणाचीही हरकत येणार नाही.

‘सादृश्यात्मक’ चालेल, पण एका धोक्यासह : वाचणाऱ्याला वाटेल की उपमेबद्दल बोलताय. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसनं सुम्मा थिऑलॉजिए या ग्रंथाच्या पहिल्या भागातल्या तेराव्या प्रश्नात नेमका हाच गैरसमज सोडवला आहे. त्याचं उदाहरण आरोग्याचं आहे : प्राणी निरोगी, औषध निरोगी, मूत्रही निरोगी. मराठीत औषधाला निरोगी म्हणत नाहीत, म्हणून आपण आंबा घेऊ. फ्रीजमधून काढलेला, दातांना कळ आणणारा आंबासुद्धा आपली आजी ‘उष्ण’च म्हणते. तिला आंब्याचं तापमान सांगायचं नसतं. अंगात उष्णता करतो म्हणून तो उष्ण. चहा उष्ण आणि आंबा उष्ण यांत शब्दाचा अर्थ अगदी एक नाही, आणि ‘कर’ म्हणजे हात आणि ‘कर’ म्हणजे सरकारी पट्टी यांच्याइतका तुटलेलाही नाही. ही मधली जागा म्हणजे अ‍ॅनालॉजी.

पण अक्वायनस इथे थांबत नाही, आणि बहुतेक टिपणं इथेच थांबतात. ‘देव चांगला आहे’ म्हणजे ‘देव चांगुलपणाचं कारण आहे’ एवढंच असेल, तर देव शरीरांचंही कारण आहे, मग ‘देव शरीर आहे’ असंही म्हणावं लागेल. म्हणून तो म्हणतो की चांगुलपणा देवात खरोखर आहे, आणि आपल्यापेक्षा वरच्या रीतीनं आहे. शब्द ज्याला दाखवतो ते देवाला पुरेपूर लागू पडतं, आपली दाखवण्याची रीत मात्र तोकडी आहे. याउलट ‘परमेश्वर माझा खडक’ हे रूपक. खडकाच्या अर्थातच दगडपण, जडपण आलं, ते देवाला लावता येत नाही. ‘चांगला’ या शब्दात असं काही अडकलेलं नाही. ओळखायची माझी खूण साधी आहे : ‘देव काही खडक नव्हे’ असं भक्त बिनघोर म्हणतो, ‘देव काही चांगला नव्हे’ म्हणताना त्याची जीभ अडते.

म्हणजे अक्वायनसच्या हिशेबात अ‍ॅनालॉजिकल वाक्य हे वाच्यार्थाच्याच घरातलं आहे, रूपकाच्या नव्हे. ‘लिटरल, अ‍ॅनालॉजिकल, सिम्बॉलिक’ असे शेजारी शेजारी तीन डबे मांडणारी पाठ्यपुस्तकं दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवतात. शब्द दोन्हीकडे एकाच अर्थानं वापरला आहे का, हा एक प्रश्न. तो मूळ अर्थानं आहे की उसन्या, हा दुसरा.

आता सिम्बॉलिक. ‘प्रतीकात्मक’ हाच शब्द घ्या, कारण ‘प्रतीक’सारखा नेमका शब्द ग्रीकांकडेही नव्हता. त्यांचं सिम्बॉलॉन म्हणजे एकत्र टाकलेलं : मोडून दोघांनी वाटून घेतलेली खूण, जी पुढे जुळवून पाहायची. आपलं प्रतीक म्हणजे तोंड! ऋग्वेदात अग्नीला ‘घृतप्रतीक’ म्हटलं आहे, तुपानं उजळलेल्या चेहऱ्याचा. आहुती पडल्यावर ज्वाळा कशी लखकन वळते ते आठवा. पुढे भाष्यकारांनी श्लोकाच्या पहिल्या शब्दांनाच प्रतीक म्हटलं. ‘अग्निमीळे’ एवढं लिहिलं की सगळी ऋचा आली, जसं गणपतीसमोर कोणी नुसतं ‘सुखकर्ता’ म्हटलं की सगळं घर टाळ्या धरतं. आपल्याकडे वळलेली बाजू आधी दिसते आणि तिच्यामागून सगळं येतं, हे या शब्दाचं मर्म आहे. त्या हिशेबानं एका दिवसाच्या उपोषणालाही ‘प्रतीक उपोषण’ म्हणायला हवं होतं.

टिळकांनी गीतारहस्यात भक्तिमार्गाच्या प्रकरणात हा अर्थ अचूक पकडला आहे. फोड मात्र ते ‘प्रति + इक’ अशी करतात आणि ‘इक’ म्हणजे झुकलेला असं सांगतात. ती मला मुळीच पटत नाही. असा सुटा ‘इक’ कुठे भेटत नाही. हा ‘प्रति + अञ्च्’ आहे, ‘प्रतीची’ दिशेतला आणि ‘प्रत्यगात्म्या’तलाच. वळणं हा अर्थ ‘अञ्च्’मधून येतो. टिळकांचा अर्थ खरा, व्युत्पत्ती नव्हे.

ख्रिस्ती धर्मचिंतक पॉल टिलिखनं 1957 च्या डायनॅमिक्स ऑफ फेथमध्ये जे म्हटलं ते या शब्दाला चपखल बसतं. सिग्नलचा लाल दिवा ही खूण आहे, ठरवलं तर बदलता येते. झेंडा हे प्रतीक, कारण ज्याच्याकडे ते बोट दाखवतं त्यात त्याचा स्वतःचा वाटा असतो. म्हणून ‘निव्वळ प्रतीक’ हा शब्दप्रयोग त्याला खपत नाही.

आपल्याकडे प्रतीकाला आणखी एक अट आहे, ती टिपणात जरूर घ्या. छांदोग्य उपनिषदात ‘मनो ब्रह्मेत्युपासीत’ आहे : मन हे ब्रह्म, अशी उपासना करावी. ‘मन ब्रह्म आहे’ अशी ही माहिती नाही, कसं पाहायचं त्याची आज्ञा आहे. आणि पाहायची दिशा एकच : मनाकडे ब्रह्म म्हणून पाहायचं, ब्रह्माकडे मन म्हणून नव्हे. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायाच्या सुरुवातीला (4.1.5) शंकराचार्य भाष्यात सारथ्याचा दाखला देतात : सारथ्याकडे राजा म्हणून पाहिलं तर त्याचा मान वाढतो, पण राजाकडे सारथी म्हणून पाहिलंत तर अनर्थ ओढवेल.