गुरुवार आला की पाय जड का होतात?

प्रश्न: रविवारी १५०० मीटरची स्पर्धा आहे. सोमवारपासून सरांनी सराव निम्म्यावर आणलाय, तर पाय उलट जड झालेत. स्टॅमिना जाईल का? गुपचूप थोडं पळून घेऊ का? वय १७, कोल्हापूर.

उत्तर: अजिबात पळू नकोस. मीही इथंच पोरांना पळायला शिकवतो आणि स्पर्धेच्या आठवड्यात गुरुवारी हाच फोन हमखास येतो.

कमावलेला दम चार-सहा दिवसांत जात नाही, अंगातला थकवा मात्र तेवढ्यात उतरतो. सराव कमी करायचा तो एवढ्यासाठीच. पळणं घटलं की स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा भरायला लागतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी धरलं जातं. वजन अर्धा किलो वाढलेलं दिसेल, पाय भरल्यासारखे वाटतील. तो साठा रविवारच्या तिसऱ्या लॅपला लागतो.

अंतर कमी करायचं, वेग नाही. माझा एक पोरगा ४:२० साठी तयार होता, म्हणजे ४०० मीटरला ६९-७० सेकंद. एरवी आठवड्याला ४० किलोमीटर पळायचा, तिथं २० दिले. मंगळवारी त्याच वेगानं तीन ४००, मध्ये श्वास पूर्ण खाली येईपर्यंत विश्रांती. गुरुवारी चार २००, प्रत्येकी ३५ सेकंद. शुक्रवारी सुट्टी, शनिवारी १५ मिनिटं हलकं जॉगिंग. बाकीचे दिवस नुसतं सावकाश पळणं. पण गुरुवारचे २०० मस्त गेले म्हणून गडी शुक्रवारी रंकाळ्याला जाऊन जोरात पळून आला! रविवारी पहिले दोन लॅप ६९, तिसरा ७५. मला कळलं नंतर, त्याच्या आईकडून.

झोपेचं म्हणशील तर तुझ्या वयाला ८ ते १० तास हवेत आणि ते आजपासून साठवायचे. शनिवारी रात्री धडधडीनं झोप लागणार नाही, तिची काळजी करू नकोस. आधीच्या रात्री भरल्या असतील तर एका रात्रीनं फारसं बिघडत नाही. रेस सकाळी ८ ला असेल तर आत्तापासूनच ५ ला उठ.

आणि नवीन काही नको. मामानं आणलेले कोरे स्पाइक तर नकोतच. त्यात टाच खाली राहते, पोटरीवर ताण येतो, वर फोड येतात. रोजच्या सरावात ज्यात पळतोस तेच घाल. मित्राची एनर्जी पावडर नको. शनिवारी पाहुण्यांकडं तांबडा-पांढरा असेल तर आईला आधीच सांगून ठेव, कारण ताटावर बसल्यावर आपल्याकडं कुणी ऐकत नाही. घरचा वरण-भात खा आणि सकाळी रेसच्या अडीच-तीन तास आधी रोज पचतं तेच.

पाय जड नसून एकाच जागी दुखत असतील, दाबल्यावर कळ येत असेल, तर ते वेगळं. तसं असेल तर आजच सरांना सांग.